स्टीलच्या भांड्यांचा कस

स्टेनलेस स्टील हे एकाच धातूचे नाव नाही. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की जे पोलाद तयार होते, त्या सगळ्यांना हे नाव लागते. अशा पोलादाचे शंभराहून अधिक प्रकार कारखान्यांतून निघतात आणि त्यांतले पाच-सहा प्रकार भांड्यांच्या दुकानात एकाच फळीवर, सारख्याच चकाकीने मांडलेले असतात. दोन पातेली शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. काही महिन्यांनी मात्र एकाच्या तळाशी तपकिरी ठिपके उठतात आणि दुसरे वीस वर्षे तसेच राहते. हा फरक पॉलिशमुळे पडत नाही. तो मिश्रणातून येतो आणि त्या मिश्रणामागे धातूंच्या भावाचे गणित असते.

गंज न चढण्याचे काम क्रोमियम करते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून ते पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार करते. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढी असते. म्हणूनच तो दिसत नाही आणि खालच्या धातूची चमक झाकत नाही. भांडे घासताना पापुद्रा खरवडला गेला, तरी उघड्या पडलेल्या जागी हवा किंवा पाणी लागताच तो पुन्हा धरतो, जशी खरचटलेल्या कातडीवर नवी कातडी येते. कल्हई किंवा मुलामा एकदा उडाला की उडाला. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण धातूच्या आतूनच येत असल्याने संपत नाही.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३मध्ये ओतलेल्या पोलादात क्रोमियम सुमारे १२.८ टक्के होते. त्यातून सुऱ्या-काटे बनू लागले. त्याच सुमारास जर्मनीतील क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घातलेले पोलाद तयार झाले होते आणि १९१२मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्जही झाला होता. आजच्या स्वयंपाकघरातील सुरी पहिल्या घराण्यातली, तर डबा आणि पातेले बहुतांशी दुसऱ्या घराण्यातले आहेत.

निकेल कशासाठी

गंज रोखायला क्रोमियम पुरेसे असेल, तर महागडे निकेल कशाला, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर भांडे घडवण्याच्या रीतीत आहे. पातेले, डबा किंवा तांब्या तयार करताना पत्र्याची गोल चकती कापतात. तिला कारखान्यात सर्कल म्हणतात. हे सर्कल साच्यावर ठेवून प्रेसने खोल दाबले जाते. सपाट चकतीची उभी भिंत होताना धातूला प्रचंड ताण सोसावा लागतो. ज्याची ताणण्याची कुवत कमी, तो पत्रा साच्यातच फाटतो.

ही कुवत धातूतील अणूंच्या मांडणीवर अवलंबून असते. साध्या लोखंडात आणि फक्त क्रोमियम घातलेल्या पोलादात नेहमीच्या तापमानाला जी मांडणी असते, तिला फेराइट म्हणतात. ती चुंबकाकडे ओढली जाते आणि खोल ताणायला फारशी राजी नसते. पुरेसे निकेल मिसळले की ऑस्टेनाइट नावाची दुसरी मांडणी थंड धातूतही टिकून राहते. ऑस्टेनाइट चुंबकाला दाद देत नाही आणि न फाटता बरेच ताणले जाते. क्रोमियमचा ओढा फेराइटकडे असतो, तर निकेलचा ऑस्टेनाइटकडे. त्यामुळे क्रोमियम जितके वाढवावे, तितके त्याला तोलून धरायला निकेलही वाढवावे लागते. १८ टक्के क्रोमियमला सुमारे ८ टक्के निकेल हा तोल चांगला बसतो. भांड्यांवर १८/८ असा जो शिक्का दिसतो, तो याच जोडीचा.

या मिश्रणाचा क्रमांक ३०४. त्यात क्रोमियम १८ ते २० टक्के आणि निकेल ८ ते साडेदहा टक्के असते. मँगनीज दोन टक्क्यांच्या आत ठेवतात. त्यातच दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घालून निकेल आणखी वाढवले की ३१६ होते. ते मिठाच्या माऱ्यापुढे अधिक टिकते, पण घरगुती भांड्यांत क्वचितच वापरले जाते. या दोन्ही क्रमांकांच्या घराण्याला ३०० मालिका म्हणतात.

निकेल जवळजवळ नसलेले आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असलेले पोलाद म्हणजे ४३०. त्याच्यावर १८/० असेही लिहितात. ते ४०० मालिकेतले. चमचे, ताटे, झाकणे आणि इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचे तळ त्याचे असतात. सुऱ्यांचे पाते ४२०सारख्या, सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या पोलादाचे असते. त्यात कार्बन अधिक ठेवतात, कारण पात्याला धार धरायची असते. अशी सुरी ओली राहिली तर तिच्यावर डाग पडू शकतो. तो भेसळीचा पुरावा नव्हे. धारेसाठी मोजलेली ती किंमत आहे.

निकेलऐवजी मँगनीज

निकेल महाग आहे आणि त्याचा भाव चंचल आहे. मे २००७मध्ये लंडनच्या धातुबाजारात तो टनाला ५० हजार डॉलरच्या वर गेला होता. मार्च २०२२मध्ये तर काही तासांत तो एक लाख डॉलरला टेकला आणि बाजाराला व्यवहार थांबवावे लागले. एक किलो ३०४ पोलादात किमान ८० ग्रॅम निकेल असते. त्यामुळे निकेलचा भाव हलला की भांड्याचा भाव हलतो.

भारताला ही झळ जास्त लागते, कारण निकेल बहुतांशी बाहेरून आणावे लागते. इतर दोन धातूंच्या बाबतीत स्थिती उलट आहे. ओडिशातील जाजपूर जिल्ह्याच्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटचे मोठे साठे आहेत. मँगनीजच्या खाणी नागपूर, भंडारा आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यांत आहेत. त्या चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घालायचे, ही वाट भारतीय कारखान्यांना म्हणूनच सोयीची पडली. वाट भारताने शोधलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास युद्धांमुळे निकेलची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत २०१ आणि २०२ हे क्रमांक रूढ झाले.

मँगनीज स्वतः ऑस्टेनाइटला फार जोराचा आधार देत नाही. त्याचा खरा उपयोग असा, की ते मिसळल्यावर वितळलेल्या पोलादात नायट्रोजन जास्त विरघळतो आणि नायट्रोजन हा ऑस्टेनाइटचा खंदा पाठीराखा आहे. तांबेही थोडी मदत करते. २०२ क्रमांकात साडेसात ते दहा टक्के मँगनीज, चार ते सहा टक्के निकेल आणि १७ ते १९ टक्के क्रोमियम असते. २०१मध्ये मँगनीज साडेपाच ते साडेसात टक्के आणि निकेल साडेतीन ते साडेपाच टक्के. भारतीय भांडीबाजारात याही खाली उतरलेले एक मिश्रण जे-४ या नावाने फिरते. त्यात निकेल जेमतेम एक टक्का, मँगनीज नऊ टक्क्यांच्या आसपास आणि तांबे दीड-दोन टक्के असते.

खरा तोटा येथे सुरू होतो. निकेल एक टक्क्यावर आणल्यावर ऑस्टेनाइटची बाजू हलकी होते. मग तोल सांभाळण्यासाठी फेराइटकडे ओढणारे क्रोमियमही उतरवावे लागते. जे-४ प्रकारात ते १५-१६ टक्क्यांवर येते. बचत करायची होती निकेलची, पण कमी झाले क्रोमियम, म्हणजे गंज रोखणारा घटक. शिवाय मँगनीज आणि गंधक यांचे सूक्ष्म कण पोलादात विखुरलेले असतात आणि मिठाचे पाणी आपले पहिले छिद्र बहुधा अशाच कणापाशी पाडते. मोठ्या पोलाद कारखान्यांत शुद्धीकरणाच्या टप्प्यावर गंधक आणि कार्बन खाली आणले जातात. भंगार वितळवून थेट पट्टा ओतणाऱ्या छोट्या इंडक्शन भट्टीत ती सोय नसते. म्हणून एकाच क्रमांकाचे दोन पत्रेही सारखे टिकत नाहीत.

दुसरा तोटा घडाईत दिसतो. कमी निकेलचे पोलाद दाबताना लवकर कडक होते आणि त्यात ताण साठून राहतो. मधल्या टप्प्यावर ते तापवून मऊ केले नाही, तर भांडे दुकानात असताना ठीक दिसते आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, कुठलाही धक्का न लागता, काठापासून खाली उभी चीर जाते. खोल डबे आणि उभे ग्लास यांत हा दोष विशेष आढळतो. काठावरची उभी चीर ही कमी निकेलच्या आणि घाईने घडवलेल्या पत्र्याची बोलकी खूण आहे.

तरीही २०० मालिका म्हणजे बनावट पोलाद नव्हे. भारतीय मानक ब्युरोने भांड्यांसाठीच्या नेहमीच्या स्टेनलेस पत्र्याला आयएस ५५२२ हे मानक ठरवले आहे, तसे कमी निकेलच्या पत्र्यासाठीही आयएस १५९९७ हे वेगळे मानक आहे. फसवणूक होते ती २०० मालिकेचे भांडे ३०४ म्हणून विकले जाते तेव्हा.

अस्सल म्हणजे काय

गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात. भांडे मुळात स्टेनलेस आहे की साध्या लोखंडावर क्रोमियमचा मुलामा आहे, हा पहिला. स्टेनलेस असेल तर सांगितला तोच क्रमांक आहे का, हा दुसरा. दोन्हींची परीक्षा वेगवेगळ्या साधनांनी करावी लागते. एकाच साधनावर दोन्हींचा भार टाकला की निकाल चुकतो आणि बाजारात नेमके तेच होते, कारण बहुतेकांच्या हाती चुंबक तेवढा असतो.

चुंबक काय सांगतो

चुंबक अणूंची मांडणी ओळखतो. क्रोमियम किती आहे, हे त्याला कळत नाही. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल’ हा समज याच गोंधळातून आला. जुन्या काळी दुकानात एकीकडे ३०४ आणि दुसरीकडे ४००चे घराणे किंवा मुलाम्याचे लोखंड होते, तेव्हा हा नियम बराच चाले. आता चुंबक न चिकटणारे भांडे ३०४ असू शकते, २०२ असू शकते आणि जे-४ही असू शकते. तिघांतही ऑस्टेनाइटच आहे.

उलट बाजूनेही चूक होते. ३०४चा पत्रा खोल दाबला, की जिथे ताण सर्वांत जास्त पडतो तिथे थोडे ऑस्टेनाइट बदलून चुंबकीय होते. त्यामुळे चांगल्या डब्याच्या काठाला, गोलाईला किंवा तळाच्या कोपऱ्याला चुंबक हलकेच ओढला जातो. म्हणून चुंबक काठाला न लावता भांड्याच्या सपाट, कमी ताणलेल्या भागावर, शक्यतो तळाच्या मध्यावर लावावा. इंडक्शनच्या भांड्याचा तळ मात्र मुद्दाम चुंबकीय ठेवलेला असतो. अशा भांड्यात चुंबक भिंतीच्या मध्यावर लावून पाहावा.

सपाट भागावर घट्ट चिकटला, तर दोन शक्यता उरतात: ४०० मालिकेचे स्टेनलेस किंवा साधे लोखंड. मुळीच चिकटला नाही, तर ३०० किंवा २०० मालिका. चुंबकाचे काम इथे संपते.

थेंबाची परीक्षा

३०० आणि २०० यांतला ठळक फरक मँगनीजचा आहे. एकात दोन टक्क्यांच्या आत, दुसऱ्यात साडेपाच ते दहा. भंगाराचे आणि पत्र्याचे व्यापारी याच फरकावर चालणारे परीक्षाद्रव्य वापरतात. लहान बाटलीतले आम्लयुक्त द्रावण आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संच असतो. भांड्याच्या बाहेरच्या तळावर नखाएवढी जागा बारीक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करतात, त्यावर एक थेंब सोडतात आणि बॅटरीची टोके सांगितल्याप्रमाणे काही सेकंद टेकवतात. मँगनीज भरपूर असेल तर थेंब लालसर होतो. ३०४वर तो फिकट राहतो किंवा अगदी मंद रंग घेतो. रंगाची नेमकी छटा प्रत्येक संचात थोडी वेगळी असते. म्हणून बाटलीवरचा तक्ता पाहावा आणि खात्रीच्या ३०४ तुकड्यावर दुसरा थेंब टाकून दोन्ही रंग शेजारी ताडावेत. द्रावण आम्लाचे असल्याने हातमोजे हवेत, अन्न लागते त्या बाजूला ते कधीही लावू नये आणि नंतर जागा साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी.

हा थेंबही एकटा पुरेसा नाही. ४३०मध्ये मँगनीज कमीच असते, त्यामुळे तेथेही लाल रंग येत नाही. पण ४३०ला चुंबक चिकटतो. दोन्ही परीक्षा जोडल्या की तीन घराणी वेगळी होतात. चुंबक चिकटत नाही आणि थेंब लाल होत नाही, ती ३०० मालिका. चुंबक चिकटत नाही पण थेंब लाल होतो, ती २०० मालिका. चुंबक घट्ट चिकटतो आणि थेंब लाल होत नाही, ते ४०० मालिकेचे स्टेनलेस किंवा मग लोखंड.

मोरचूद आणि मीठ

शेवटच्या जोडीतला गुंता मोरचूद सोडवते. मोरचुदाच्या पाण्यात तांबे असते. ते उघड्या लोखंडाला लागले की लोखंड विरघळते आणि तांबे त्याच्या जागी बसते, त्यामुळे लालसर तांब्याचा थर दिसतो. स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा पापुद्रा ही अदलाबदल होऊ देत नाही. पाव लिटर पाण्यात चार ग्रॅम मोरचूद आणि अगदी थोडे गंधकाम्ल घालून केलेले द्रावण पृष्ठभागावर सहा मिनिटे ओले ठेवायचे, ही उद्योगातील मान्य रीत आहे. मुलाम्याचे भांडे असेल तर मुलाम्याच्या भेगांत आणि ओरखड्यांत तांब्याच्या रेघा उमटतात. ही परीक्षाही फक्त बाहेरच्या तळावरच करावी, कारण मोरचूद विषारी आहे. सुरीसारख्या कमी क्रोमियमच्या पोलादावर तिचा निकाल ग्राह्य धरत नाहीत; तेथे खऱ्या स्टेनलेसवरही तांबे बसू शकते.

मोरचुदाशिवायही मुलामा उघडा पडतो. भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत महाराष्ट्रात अजून टिकून आहे. नाव कोरणाऱ्या यंत्राची सुई मुलामा भेदून खाली जाते. खालचे लोखंड असेल तर काही दिवसांत अक्षरांच्या खोबणीत गंज भरतो. स्टेनलेसमध्ये कोरलेल्या अक्षरांत नवा पापुद्रा धरतो आणि नाव वर्षानुवर्षे स्वच्छ राहते.

घरच्या घरी करण्याजोगी आणि निर्धोक परीक्षा मिठाची. पाव कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्यात कापसाचा बोळा भिजवावा, तो बाहेरच्या स्वच्छ तळावर ठेवून वरून प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावा आणि चोवीस तासांनी काढावा. शेजारी खात्रीच्या भांड्यावर तसाच बोळा ठेवला म्हणजे तुलना करता येते. साधे लोखंड किंवा फाटलेला मुलामा लाल गंज देतो. कमी क्रोमियमच्या पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके येऊ शकतात. ३०४ बहुधा स्वच्छ राहते. निकाल वाचताना एक काळजी घ्यावी लागते. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण भांड्यावर अडकून गंजतात आणि दोष भांड्याला लागतो. लिंबाचा रस चोळून डाग निघाला आणि तारेची घासणी बंद केल्यावर परत आला नाही, तर गंज बाहेरचा होता. त्याच जागी पुन्हा उगवला आणि बोटाला बारीक खड्डा लागला, तर तो पत्र्याचा आहे.

स्टेनलेसवरचा प्रत्येक डाग गंजाचा नसतो. रिकामे भांडे तापल्यावर येणारी निळी-सोनेरी झाक म्हणजे जाड झालेला ऑक्साइडचा पापुद्रा. पांढरे ठिपके जड पाण्यातील क्षारांचे असतात आणि ते व्हिनेगरने निघतात. कानाच्या किंवा मुठीच्या सांध्याभोवती दिसणारा गंज पुष्कळदा वेल्डिंगचा असतो. तेथे उष्णतेने धातू बिघडतो. एवढ्यावरून सगळ्या पत्र्याला नावे ठेवता येत नाहीत.

वजनाचा भ्रम

भांडी किलोवर विकली जातात, त्यामुळे जड ते चांगले असा हिशेब मनात बसतो. वजनावरून पत्र्याची जाडी कळते, क्रमांक कळत नाही. अठरा सेंटिमीटर व्यासाचे, नऊ सेंटिमीटर उंचीचे पातेले घेतले तर तळ आणि भिंत मिळून पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ७६३ चौरस सेंटिमीटर होते. पत्रा ०.८ मिलिमीटर जाड असेल तर धातूचे घनफळ ६१ घन सेंटिमीटर भरते. ३०४ची घनता ७.९ धरली तर पातेले ४८२ ग्रॅमचे होईल. तेच २०० मालिकेचे, ७.८ घनतेचे केले तर ४७६ ग्रॅम. सहा ग्रॅमचा हा फरक काठ किंचित जास्त वळवला तरी बुजून जातो. पत्रा अर्धा मिलिमीटर केला तर मात्र वजन ३०१ ग्रॅमवर उतरते.

दुकानदार जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. अठरा गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास, बावीस गेज ०.७ आणि चोवीस गेज ०.५६ मिलिमीटर. पातळ पातेल्यात तळाला लागते आणि पोचे येतात. पण तो जाडीचा गुण आहे. जुन्या साड्या घेऊन बोहारीण देते ते पातळ भांडे जास्त गेजच्या हिशेबाने हलके असते, एवढ्यावरून ते कमअस्सल ठरत नाही. उलट जाडजूड पातेले जे-४चेही असते. टिचकी मारून ऐकलेला नादही आकार आणि जाडीप्रमाणेच बदलतो.

एका पातेल्याची तपासणी

वर हिशेब केलेलेच पातेले उदाहरणासाठी घेता येईल. तळावर ३०४ असा लेसरने काढलेला शिक्का आहे, वजन ४७५ ग्रॅम, चकाकी उत्तम. वजनावरून एवढेच ठरते, की पत्रा जवळपास ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे पुरेसा जाड आहे. चुंबक तळाच्या मध्यावर चिकटत नाही. काठाला मात्र हलकी ओढ जाणवते. मध्यावरच्या निकालाने साधे लोखंड आणि ४०० मालिका बाद झाली. काठाची ओढ दाबकामाची आहे, ती सोडून द्यायची. आता ३०४ की २०० मालिका, एवढेच उरले. थेंब टाकल्यावर तो काही सेकंदांत लाल होतो आणि शेजारच्या खात्रीच्या चमच्यावर फिकट राहतो. म्हणजे मँगनीज जास्त आहे आणि शिक्का खोटा आहे. पण २०२ की जे-४, हे थेंब सांगू शकत नाही. मिठाच्या बोळ्याखाली चोवीस तासांत ठिपके आले, तर क्रोमियम कमी असल्याचा संशय बळावतो. तो पुरावा नव्हे.

पुरावा हवा असेल तर क्ष-किरणांवर चालणारे हातातले यंत्र लागते. भंगाराचे मोठे व्यापारी आणि धातुपरीक्षेच्या प्रयोगशाळा ते बाळगतात. पिस्तुलासारखे हे यंत्र भांड्याला टेकवले की काही सेकंदांत पडद्यावर घटकांचे टक्के येतात आणि भांड्यावर ओरखडाही उठत नाही. पडद्यावर क्रोमियम १५.१, निकेल १.२, मँगनीज ९.४, तांबे १.७ असे आले, तर पातेले जे-४ प्रकारचे. क्रोमियम १७.४, निकेल ४.२, मँगनीज ८.१ असते तर ते २०२ ठरले असते. खऱ्या ३०४ला क्रोमियम १८च्या आणि निकेल ८च्या वर हवे. हे यंत्र कार्बन आणि नायट्रोजन मोजत नाही. ते हवे असतील तर नमुना कापून प्रयोगशाळेतील ठिणगीच्या वर्णपटावर तपासावा लागतो. एका पातेल्यासाठी हा खर्च परवडत नाही. लग्नकार्यासाठी, खानावळीसाठी किंवा संस्थेसाठी शेकडो ताटे-डबे घ्यायचे असतील, तर खेपेतून एक-दोन नग तपासून घेणे स्वस्त पडते.

शिक्का कसा वाचावा

तळावरचा ३०४ किंवा १८/८ हा आकडा उत्पादकाचा दावा असतो. लेसरचे यंत्र असलेला कोणीही तो कोरू शकतो. ‘फूड ग्रेड’ हा पोलादाचा क्रमांकच नाही, त्यावरून मिश्रण कळत नाही. ‘सेलम स्टील’ हे शब्दही पुष्कळदा उगाच लावले जातात. तमिळनाडूतील सेलमचा सरकारी कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला, त्याच्या पत्र्याने भांडीबाजारात नाव कमावले आणि नंतर त्या नावाचा वापर कारखान्याबाहेरही होऊ लागला.

आयएसआय चिन्हाची गोष्ट वेगळी आहे. स्टेनलेस स्टीलच्या स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून अशा भांड्यांना हे चिन्ह बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये हा परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते. नाव जुळले नाही तर चिन्ह बनावट. मात्र चिन्ह खरे असले तरी ते ३०४ची हमी म्हणून वाचू नये. क्रमांक वेगळा पाहावा आणि मोठ्या खरेदीत तो बिलावर लिहून घ्यावा. बिलावर लिहिलेल्या क्रमांकावरून ग्राहक तक्रार करू शकतो. तोंडी सांगितलेल्यावरून तक्रार टिकवणे कठीण जाते.

कुठे कोणते

प्रत्येक भांडे ३०४चेच हवे, असे नाही. धान्याचा डबा, कोरड्या मसाल्याची वाटी, ताट, पाण्याचा पेला यांना आंबट-खारट पदार्थांचा दीर्घ सहवास नसतो. तेथे २०२ किंवा ४३० पुरते, फक्त त्याच भावाने घ्यावे. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घालून उकळायचे पातेले, ताक-दह्याचे भांडे आणि समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत राहणारी भांडी ३०४ची असावीत. आंबट पदार्थ दीर्घकाळ शिजवला की ३०४मधूनही अत्यल्प निकेल आणि क्रोमियम अन्नात उतरते. नव्या भांड्यात ते जास्त असते आणि वापरागणिक कमी होत जाते. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी म्हणून अशा पदार्थासाठी निकेल नसलेले, ४३०चे भांडे निवडावे.

मिठापुढे कोणताच घरगुती क्रमांक पूर्ण निर्धास्त नाही. थंड पाण्यात मीठ टाकून भांडे आचेवर ठेवले, तर न विरघळलेले खडे तळाशी बसतात आणि त्यांच्याखाली ३०४लाही बारीक खड्डे पडतात. मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावे. लोणचे स्टीलमध्ये न मुरवता चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवावे. डाग काढण्यासाठी ब्लीचिंगचे द्रावण वापरले तर त्यातील क्लोरिनची संयुगेही पापुद्रा तोडतात, तेव्हा ते टाळावे. ३०४चे भांडे या तीन गोष्टींपासून सांभाळले तर गंजत नाही. जे-४चे भांडे सांभाळले तरी त्याचे क्रोमियम वाढत नाही, म्हणून त्याचा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.